किहाचीचं ताट

रित्सुकोनं अजून अस्वलाचं नावही काढलं नव्हतं, आणि मोचिदाचा हात फाशांवर जाऊन पोचला होता. ती एवढंच म्हणाली होती की गुहेच्या तोंडाशी बर्फ तुडवलेलं दिसतंय. पुढचं सगळं अजून तिच्या पोटात होतं: तो वास, तो घुरघुराट, आत अडकलेला लाकूडतोड्याचा पोर. पण मोचिदानं फासे मुठीत घेऊन खुळखुळवायला सुरुवातसुद्धा केली, आणि तेही हसत नाही, घाबरत नाही, थांब्यावर बसचं दार उघडायची कळ दाबावी तसं. तो बसच चालवायचा, तेव्हा त्याला ते शोभलंही. रित्सुकोला मात्र मानेमागं गार वाटलं. तिनं अस्वल बाहेर काढलं. मोचिदानं फासे टाकले, अस्वल पळालं, पोर मिळालं, आणि तिघंही, म्हणजे गोष्टीतले दोघं आणि त्यांना वाट दाखवणारी ती, संध्याकाळ व्हायच्या आत डोंगरातल्या त्या धर्मशाळेवर परत आले. नागोयातल्या एका जुन्या कॉफीच्या दुकानाच्या माडीवर, दर रविवारी दुपारी, लाल मखमलीच्या झिजलेल्या खुर्च्यांवर बसून ही माणसं हा खेळ खेळत होती. रित्सुको सूत्रधार. ती वाट सांगायची, वारा सांगायची, वाटेत भेटणाऱ्या सगळ्यांच्या तोंडून बोलायची. बाकीच्यांचं प्रत्येकी एकच पात्र, आणि त्या पात्रानं काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जिथं जमेल की नाही याची शंका, तिथं फासे. मोचिदाचा गोंता हा भित्रा तलवारबाज होता आणि स्वयंपाक बरा करायचा. फुमिएची ओकिनु झाडपाल्याची औषधं द्यायची. आणि पुढं कंदील घेऊन चालणारा किहाची हा शिनपेईचा, म्हणजे फुमिएच्या नवऱ्याचा. शिनपेई एका सकाळी छत्री घेऊन घरातून निघाला तो आलाच नाही. पोलीस म्हणाले, जाणता माणूस आपल्या पायांनी गेलाय, आम्ही काय करणार. लोक अशा माणसांना वाफ झाला म्हणतात. दुकानाची मालकीण अजून तिघांसमोर पाण्याचे चार पेले ठेवायची, आणि तिला कोणी काही म्हणत नसे.

धर्मशाळेवर पोचलं की ताट मांडायचं. प्रवासाला गेलेल्या माणसासाठी घरात वेगळं ताट वाढतात, त्याचं वाटेत भलं व्हावं म्हणून, तसं किहाचीसाठी. ही कल्पना मोचिदाचीच. शिनपेई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सगळे तोंडाला कुलूप लावून बसले होते तेव्हा तो गोंताच्या आवाजात धर्मशाळेच्या म्हातारीला म्हणाला होता, "किहाची पुढं गेलाय, येईल. म्हातारे, त्याचंही पान वाढ." फुमिए तेव्हा हसली होती. त्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली म्हणून सगळ्यांनाच हायसं वाटलं, आणि मग दर रविवारी गोष्ट त्या ताटापाशी येऊन थांबू लागली. भात, लोणचं, आणि झाकण घातलेला सूपचा वाडगा. ओकिनु झाकण उचलायची. झाकणाला आतून थेंब धरलेले असले की माणूस सुखरूप आहे असं समजायचं. थेंब नसले तर वाईट. थेंब आहेत की नाहीत हे सांगणं सूत्रधाराच्या हातात, आणि रित्सुकोच्या जिभेवर दुसरं उत्तर यायची शक्यताच नव्हती. त्या दिवशीही ती म्हणाली, "झाकणाला आतून थेंब धरलेत. वाफेचे. मोठाले." आणि म्हणता म्हणता तिचं लक्ष समोर गेलं. फुमिएचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण तेच शब्द, तोच 'वाफेचे'पाशी घेतलेला श्वास, आणि 'मोठाले' तर तिच्या अर्धा क्षण आधी. आपण बोलतोय की आपल्याकडून कोणी बोलून घेतंय, हे रित्सुकोला कळेना. तिनं घाईघाईनं पाणी प्यायलं, आणि मग लक्षात आलं की पेला चौथा होता.

आठवडाभर ते तिच्या मागं लागलं. ती दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवायची. एका लहानशा प्रयोगशाळेत, दिव्याखाली, मेणाची दाढ कोरत बसायची, आणि हात कामात असले की डोकं मोकाट सुटायचं. तिनं गेल्या रविवारची गोष्ट आठवली, मग त्याच्या आधीची, मग त्याच्याही आधीची. बाहेरून पाहिलं तर सारखं काहीच नव्हतं. एकदा बर्फ, एकदा समुद्रकाठ, एकदा रेशमाच्या किड्यांचं गाव. तिनं काय कमी खटपट केली होती? कंटाळा येतोय असं वाटलं की ती संकट मोठं करायची. लांडग्याचं अस्वल व्हायचं, अस्वलाची वणव्यात कोसळणारी दरड. मोचिदा एकदा म्हणालाच होता, "परवा एका डोक्याचं होतं, आज दोन डोक्यांचं. तिसरं डोकं केव्हा उगवतंय बाई, म्हणजे मी तेवढी उशी आणतो." तेव्हा ती रुसली होती. आता मेणावरून पातं फिरवता फिरवता तिनं गोष्टींवरची नावं काढून टाकली. गावं काढली, हवामान काढलं, जनावरं काढली. उरली ती नुसती क्रियापदं. कोणीतरी हरवतं. बाई रडते. आम्ही जातो. पाऊल सापडतं. दार सापडतं. फासे पडतात. माणूस परत येतो. जेवण होतं. ताट मांडतात. तिनं दुसऱ्या रविवारची काढली. हरवतं, रडते, जातो, सापडतं, परत येतो. तिसऱ्याची काढली, पहिले पाढे पंचावन्न. पातं मेणात रुतलं आणि दाढेचा एक कंगोरा सुटून पडला. संकट लहान की मोठं याला काही अर्थच नव्हता, कारण बदलत होता तो फक्त माल, सांधे तेच होते. आणि त्याहून वाईट ते तिला मग दिसलं, की कुठल्याच रविवारचं पुढच्या रविवारी काही उरत नव्हतं. लांडग्यानं गोंताचा खांदा फोडला होता, पुढच्या वेळी खांदा धड. वाचवलेली इतकी माणसं, त्यातलं एकही पुन्हा कधी रस्त्यात भेटलं नाही. कोणाचं कोणाशी वैर झालं नाही, कोणी खोटं बोललं नाही, कोणाला काही गमवावं लागलं नाही. तिघं धर्मशाळेतून निघायची आणि तशीच धर्मशाळेत यायची. त्या डोंगरात दिवस उजाडतच नव्हता.

याला जबाबदार कोण, हे ती प्रामाणिकपणे शोधू लागली तर पहिली तीच सापडली. रडणारी बाई तीच पुढं करायची, कारण रडणाऱ्या बाईशी ओकिनु फार सुंदर बोलायची, आणि फुमिएचा चेहरा त्या वेळी जरा सैल व्हायचा. मोचिदा फासे टाकायचा कारण त्याला दुसरं काही करायला तिनं दिलंच नव्हतं. पण फुमिए? रित्सुको एकेक आठवत गेली. वाट जिथं जिथं फुटत होती, तिनं जिथं जिथं अनोळखी असं काहीतरी टाकलं होतं, खिंडीपलीकडचं शहर, नावेतून हाक मारणारा माणूस, तिथं तिथं ओकिनु आभाळाकडं बघून म्हणायची, अंधारून येतंय, परत जाऊ या. दर वेळी. इतक्या हळुवारपणे की परत फिरणं सगळ्यांना आपलंच मन वाटायचं. किहाची कंदील घेऊन पुढं चालायचा तेव्हा मागून त्याचा चेहरा कधी दिसायचा नाही, नुसता उजेड डुलताना दिसायचा. आता कंदील नव्हता, तरी तिघं कशाच्या तरी मागं चालत होती, आणि ते कशाच्या हे फुमिएला माहीत असावं. हा विचार आला तसा रित्सुकोनं दिवा विझवला, आणि मग इतक्या अंधारात बसवेना म्हणून परत लावला.

तिला भीती वाटत होती ती सरळ होती. गोष्ट अशीच फिरत राहिली तर ती मरेल. एक रविवार मोचिदाला काम निघेल, मग पुढचाही, आणि अशा बैठका भांडणानं नाही, कंटाळ्यानंच संपतात. आणि बैठक संपली तर फुमिएकडं काय उरणार? दोन खोल्या आणि घरातलं ते ताट, कारण फुमिए घरीही शिनपेईचं ताट वाढायची, रोज, हे रित्सुकोला ठाऊक होतं. उलट गोष्टीत काही हलवायला जावं, आणि ते नेमकं फुमिएच्या दुखण्यावर पडलं, तर बैठकीचं सोडाच, मैत्रीण जायची. शाळेपासूनची एकच मैत्रीण होती तिला. म्हणून तिनं आधी विचारायचं ठरवलं. बुधवारी दोघी भाजी घेऊन कालव्याकाठानं येत होत्या तेव्हा तिनं विषय काढला, गोष्ट तीच तीच होतेय असं तुला वाटतं का?

"तीच तीच असली तर काय बिघडलं?" फुमिए म्हणाली. "माणसं रोज तोच भात खातात. कोणी म्हणतं का, आज नवीन काहीतरी होऊ दे?"

"मोचिदा कंटाळलेत."

"मोचिदा जन्मल्यापासून कंटाळलेत."

रित्सुको हसली, पण सोडलं नाही. किहाचीच्या बाबतीत काही वेगळं झालं तर चालेल का, असं तिनं अगदी हळू विचारलं. त्याला मारणार नाही, परत आणणार नाही, त्याच्या तोंडून मी बोलणारही नाही, एवढं वचन देते. फुमिए कालव्याकडं बघत उभी राहिली. पाण्यात एक बगळा उभा होता तो तिच्याकडं बघत होता असं रित्सुकोला उगाच वाटलं. मग फुमिए म्हणाली, "सूत्रधार तू आहेस," आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. होही नाही, नाहीही नाही. त्यांच्यात असलं उत्तर म्हणजे पुढचं समोरच्यानं ओळखायचं. इतकी वर्षं सगळे एकमेकांचं ओळखतच आले होते, आणि म्हणूनच कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं. तेव्हा रित्सुकोनं ठरवलं की या वेळी ओळखायचं नाही, सोय करायची. रविवारी तिनं पेल्याखालची लाल पुठ्ठ्याची चकती टेबलाच्या मधोमध ठेवली आणि सांगितलं, कोणालाही काही नको वाटलं तर चकती माझ्याकडं सरकवा. कारण विचारणार नाही. ते घडलंच नाही असं धरून आपण मागं जाऊ. मोचिदा म्हणाला, ही चकती बायकोच्या हाती लागली तर आपलं काही खरं नाही.

काय घालायचं यावर ती आठवडाभर अडली होती. नवा राक्षस नको, नवं गाव नको, आकाशातून पडलेलं काहीच नको. बाहेरून आणलेली अडचण पाहुण्यासारखी येते आणि जेवून जाते. अडचण घरातलीच हवी, त्यांनीच वर्षानुवर्षं केलेल्या एखाद्या गोष्टीतून निघालेली. तिच्यापुढं नेहमीची हत्यारं चालता कामा नयेत, गोंताची तलवार नाही आणि ओकिनुचे गोड शब्दही नाहीत. आणि तिचं उत्तर सूत्रधाराकडं तयार नसावं, नाहीतर ती अडचण नसून परीक्षा होते. दाढेची टोपी कितीही देखणी केली तरी समोरच्या दातावर टेकवून बघेपर्यंत काही कळत नाही, हे ती रोज बघायची. मग टेकवायची कुठं? क्रियापदांची ती माळ तिनं पुन्हा ओढली. हरवतं, रडते, जातो, सापडतं, परत येतो, जेवतो, मांडतो. सगळे मधल्या मण्यांवर डोळे ठेवून होते. शेवटच्या मण्याला कोणी कधी हात लावला नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तिला ते सुचलं तेव्हा ती एकटीच असूनही तिनं मागं वळून पाहिलं.

त्या रविवारी हरवलेला माणूस लवकर मिळाला. तिनं मुद्दामच लांबवलं नाही. मोचिदानं फासे टाकले, जिंकला, जांभई दिली. धर्मशाळा आली. म्हातारीनं पानं वाढली. किहाचीचं ताट कोपऱ्यातल्या नेहमीच्या जागी होतं, म्हातारीनं ते मघाशी, ही मंडळी यायच्या आधीच, मांडून ठेवलं होतं. फुमिए म्हणाली, "ओकिनु झाकण उचलते." तिचे ओठ पुढचे शब्द घ्यायला आधीच तयार झाले होते. रित्सुको म्हणाली, "वाडगा रिकामा आहे."

खाली कोणीतरी पेला विसळत होतं तो आवाज वर येत राहिला.

"रिकामा म्हणजे?" मोचिदानं विचारलं.

"कोणीतरी जेवून गेलंय. भाताचं एक शीतही उरलेलं नाही. वाडगा अजून कोमट आहे."

मोचिदाचा हात फाशांकडं निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. मग तो म्हणाला की गोंता पावलं शोधतो, आत्ताच बाहेर पडतो, फार लांब गेला नसेल. पण बोलता बोलताच त्याचा आवाज उतरत गेला, कारण त्यालाही दिसलं. जो हरवलाय त्याला शोधून आणता येतं. जो येऊन, जेवून, आपण यायच्या आत निघून जातो, त्याला शोधून कुठं आणणार? त्यानं हात मागं घेतला. रित्सुको फुमिएकडं बघत होती. फुमिएचं बोट लाल चकतीवर टेकलं होतं. नखाभोवतालची कातडी पांढरी झाली होती.

"जेवायच्या काड्या कशा ठेवल्यात?" फुमिएनं विचारलं.

हे रित्सुकोनं ठरवलं नव्हतं. ती उत्तर शोधायला गेली, आणि उत्तर आधीच तिच्या तोंडात होतं, कोणीतरी तिथं ठेवून गेल्यासारखं. "ताटासमोर आडव्या," ती म्हणाली. "टोकं उजवीकडं करून." म्हणून झाल्यावर तिला आठवलं की उजव्या हातानं जेवणारं माणूस टोकं डावीकडं ठेवतं. शिनपेई डावखुरा होता. आपण वचन मोडलं की काय? ती घाईनं म्हणाली की चकती सरकव, फुमिए, मी मागं घेते, घडलंच नाही हे.

फुमिएनं चकती सरकवली नाही. "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. विजेचं बिल आलं का, असं विचारावं तसा.

"काय कोणी सांगितलं?"

"घरचं."

मग तिनं सांगितलं, बहुतेक टेबलाकडंच बघत. शरदातल्या एका रविवारी ती इथून घरी गेली. दाराला कुलूप तसंच. चपला काढून आत गेली तर ताट रिकामं, वाडगा रिकामा, झाकण शेजारी उताणं, आणि काड्यांची टोकं उजवीकडं. बाकी घरात काही हललं नव्हतं. त्याच्याकडं किल्ली होतीच. "पोलिसांना काय सांगायचं?" फुमिए म्हणाली. "माझा नवरा येऊन जेवून गेला, पकडा त्याला?" पुढं पंधरवडाभर ती घराबाहेर पडली नाही, येईल म्हणून दाराशी बसून राहिली, ताट तसंच वाळून गेलं. मग रविवारी ती इथं आली, आणि परत गेली तर वाडगा रिकामा. ती घरात असली की तो येत नव्हता. ती गेली की यायचा, दर वेळी नाही, कधीमधी.

रित्सुको मागचे रविवार जुळवत गेली. म्हणजे ही सगळी गोष्ट, तो डोंगर, ती अंधारून येणारी संध्याकाळ, हे घर मोकळं राहावं म्हणून होतं. गोष्ट पुढं गेली तर कधीतरी संपली असती, आणि संपली तर रविवार संपले असते. आणि इथल्या ताटात दर खेपेला थेंब धरलेले असायचे, म्हणजे निदान एका ठिकाणी तो अजून नुसता हरवलेला होता, वाटेत कुठंतरी अडलेला, आणायला गेलं तर येईल असा. सोडून गेलेला नव्हता. त्या दोन्ही ताटांमध्ये फुमिए इतके दिवस एकटी ये-जा करत होती, आणि शेजारी बसून त्यांच्यापैकी कोणाला पत्ता नव्हता. तिला फुमिएचा हात धरावासा वाटला. भीतीही वाटत होती, ती फुमिएची नव्हे. आत्ता, या घटकेला, शहराच्या पलीकडल्या टोकाला दोन खोल्यांत कोणीतरी काड्या खाली ठेवत असेल का, या विचाराची.

"मूर्ख आहे मी," मोचिदा पुटपुटला. "पान वाढ म्हणालो ते मीच."

"नाही हो," फुमिए म्हणाली. "त्या पानावरच तर तग धरला मी." तिनं चकतीवरून बोट उचललं. खुर्चीत सरळ बसली. मग ती ओकिनुच्या आवाजात बोलू लागली, आणि तो आवाज रित्सुकोनं आजवर ऐकला नव्हता, जरा जाड, जरा उद्धट. ओकिनु म्हातारीला सांगते, भांडं इकडं आण. किहाचीच्या वाडग्यात नवं गरम सूप वाढते. भात वाढते. काड्या उचलून फिरवते, टोकं डावीकडं करते. आणि त्या ताटावर बसते, पाटावर, त्याच्या जागी. आज दिवसभर चाललेय, भूक लागलीय, म्हणते.

"मग?" तिनं विचारलं. "पुढं काय होतं?"

रित्सुकोला माहीत नव्हतं. किती तरी वर्षांत प्रथमच तिच्या पोटात पुढचं काहीच नव्हतं, ना अस्वल, ना गुहा, ना परतीची वाट. सूत्रधारानं अशा वेळी एकच करायचं असतं, पात्रांनी जे केलं त्याचं जगानं खरं उत्तर द्यायचं, गोड नाही आणि सोयीचंही नाही. तिनं डोळे मिटले. अंगण दिसलं, बर्फ दिसलं, आणि जे दिसलं ते ती बोलली. बाहेर पावलं वाजतात. हळू येतात. कागदाच्या सरकत्या दारावर कंदिलाचा उजेड पडतो आणि तिथंच थांबतो. कोणी हाक मारत नाही. दाराला आतून कडी नाही, नुसतं सरकवलं तरी उघडेल.

मोचिदानं फाशांकडं पाहिलंसुद्धा नाही. तो फुमिएकडं बघत होता.

"थांबू दे," फुमिए म्हणाली. "मी जेवतेय."